प्रत्येक काम 80 टक्के सेफ, मग प्रोजेक्टपण?

"प्रत्येक काम तारखेत व्हायचा चान्स 80 टक्के आहे, म्हणजे प्रोजेक्टचापण 80 टक्केच ना?"

नाही हो. समजा अंबड एमआयडीसीत शेड उभी करताय, फ्लोरिंग, क्रेन आणि पॅनेल ही तीन कामं सोबत चालू, मशीन बसणार तिन्ही झाल्यावरच. तिन्ही एकमेकांवर अवलंबून नसतील तर 0.8 × 0.8 × 0.8, म्हणजे जेमतेम 51 टक्के!

कॉम्प्युटरवर प्रोजेक्ट पुन्हा पुन्हा चालवून बघणारं सिम्युलेशन हेच करतं, दरवेळी प्रत्येक कामाला कमीतकमी-जास्तीतजास्तच्या मधले रँडम दिवस देतं, सगळ्यात उशिरा संपणारं काम पकडतं, असं 5000 वेळा, आणि त्यातल्या किती वेळा तारीख गाठली ते मोजतं. आता नाशिकचा पाऊस तिघांनाही एकदमच अडवत असेल तर सिम्युलेशनमध्ये तिन्ही कामांचा उशीर एकमेकांशी जोडावा लागतो, मग आकडा 51 च्या वर जातो, पण 80 च्या वर कधीच नाही.