पार्श्वभूमी काढायची तर डेप्थ मॅप की मॅट?

पोर्ट्रेट मोडमध्ये काढलेल्या फोटोच्या पोटात आणखी एक राखाडी चित्र लपलेलं असतं हे कळलं, की पहिला विचार येतो तो असा: जवळचं ठेवलं, लांबचं पुसलं, की झाली पार्श्वभूमी साफ. मीही असंच समजून सुरुवात केली आणि कापलेल्या माणसाच्या पायाला चिकटून फरशीचा एक पट्टा आला. तेव्हा लक्षात आलं की आयफोनच्या अशा फाइलमध्ये बऱ्याचदा एक नव्हे, दोन राखाडी चित्रं असतात आणि आपण चुकीचं उचललं होतं.

पहिलं म्हणजे डेप्थ मॅप. तो सांगतो, हा ठिपका कॅमेऱ्यापासून किती लांब आहे. दुसरं म्हणजे मॅट, जी २०१८ मध्ये आयओएस १२ सोबत आली. (अंथरायची नव्हे.) ती सांगते, हा ठिपका माणसाचा आहे की नाही, आणि असला तर किती टक्के. दोन्ही उघडून पाहिली तर माणूस उजळ आणि मागचं काळं दिसतं, म्हणून गल्लत होते. फरक पाहायचा तर पायांकडे पाहा. मॅटमध्ये फरशी काळी असते. डेप्थ मॅपमध्ये बुटांजवळची फरशी बुटांइतकीच उजळ असते, कारण ती खरोखरच तितक्याच अंतरावर आहे. डेप्थ मॅपची यात काही चूक नाही. त्याला विचारलेला प्रश्नच वेगळा आहे.

दोन्ही बाहेर काढायला लिबहाइफ या मोफत साधनातली ही कमांड पुरते:

```
heif-convert --with-aux photo.heic out.png
```

मूळ फोटोसोबत नावात `depth` असलेली फाइल येते आणि मॅट असेल तर नावात `portraiteffectsmatte` असलेलीही. फोटो मेसेजिंग अ‍ॅपमधून जेपेग होऊन आला असेल तर बहुधा यातलं काहीच हाती लागत नाही. मूळ फाइलच हवी.

आता समजा, माणसाचा चेहरा १.२ मीटरवर आहे आणि भिंत ३ मीटरवर. डेप्थ मॅपमध्ये सहसा अंतर थेट नसतं, त्याचा व्यस्त असतो: चेहरा ०.८३, भिंत ०.३३. मधली रेघ ०.५८ वर मारली तर सुमारे १.७ मीटरच्या पुढचं सगळं जातं. साठवताना सगळ्यात लांबच्याला ० आणि सगळ्यात जवळच्याला २५५ दिलं जातं, म्हणून ही रेघ बरोबर मध्यावर, म्हणजे १२८ च्या आसपास येते. पण त्याच माणसाने हात पुढे करून पंजा ०.६ मीटरवर आणला, तर सगळ्यात जवळचा आकडा १.६७ होतो, चेहरा घसरतो ९५ च्या आसपास आणि तीच रेघ जाते ४८ वर. जुन्याच १२८ वर कापलं तर पंजा राहतो, चेहरा गायब! म्हणून एका फोटोवर जमलेला आकडा दुसऱ्याला लावू नये.

कडांची गोष्ट निराळी. दोन कॅमेऱ्यांच्या आयफोनवर ४०३२×३०२४ च्या फोटोला डेप्थ मॅप मिळतो ७६८×५७६ चा, म्हणजे त्याच्या एका ठिपक्याखाली फोटोचे पाचेक ठिपके आडवे बसतात. केसाची बट त्याहून बारीक असते. त्यामुळे केसांभोवती एकतर भिंतीची कड राहते, नाहीतर डोकं हेल्मेट घातल्यासारखं गुळगुळीत कापलं जातं. मॅट २०१६×१५१२ ची असते आणि तिच्यात अर्धवट राखाडी छटा असतात, त्यामुळे बटा बऱ्यापैकी टिकतात. काच तर डेप्थ मॅपला जवळजवळ दिसतच नाही. पेल्याच्या जागी मागच्या भिंतीचं अंतर येऊ शकतं.

मग मॅट असताना डेप्थ मॅप कशाला? पहिलं कारण, मॅट फक्त माणसांसाठी असते. कुंडी किंवा खुर्ची कापायची तर डेप्थ मॅपच आहे, आणि तीही फरशीवर न ठेवता मागे मोकळी जागा सोडून उंचावर ठेवलेली बरी. दुसरं, माणसाच्या हातातला चेंडू मॅटमधून निसटू शकतो. तो डेप्थ मॅपवरून परत आणता येतो. तिसरं मला सगळ्यात कामाचं वाटतं: मागे उभा असलेला दुसरा माणूसही मॅटमध्ये आला, तर तो माणूस आहे एवढंच मॅट सांगते. तिथे डेप्थ मॅपवर रेघ मारून मुखवटा, म्हणजे ठेवायचं ते पांढरं आणि बाकी काळं असं चित्र, बनवायचा, तो मोठा करून फोटोच्या मापाचा करायचा, दहा-पंधरा ठिपके बाहेर फुगवायचा आणि मॅटशी गुणायचा. मागचा माणूस जातो, पुढच्याच्या केसांची कड मात्र मॅटचीच राहते. फुगवायला विसरलात, तर डेप्थ मॅपचे जाडेभरडे दात थेट बटांवर उमटतात.