सभेची सूचना

गाव, वस्ती किंवा संस्था यांच्या सभेचा दिवस, वेळ, जागा व प्रयोजन संबंधितांना आगाऊ कळविणारा लेखी वा वाचून दाखविण्याचा मजकूर. गावात ती चावडीवर लावण्याची व दवंडी देण्याची प्रथा जुनी असून वतनी व्यवस्थेत दवंडीचे काम बहुतेक ठिकाणी महार वतनदारांकडे असे. 1958 च्या ग्रामपंचायत कायद्याने ग्रामसभेला, आणि तिच्यासोबत सूचनेलाही, वैधानिक स्थान मिळाले. मुंबई महापालिकेच्या हद्दीत ग्रामपंचायती नाहीत. तेथे रहिवाशांना वारंवार भेटणारी सूचना म्हणजे सहकारी गृहनिर्माण संस्थेची होय, म्हणून पुढील विवेचन तिच्या आधारे केले आहे.

वाद बहुधा मुदतीवरून होतो. वार्षिक सर्वसाधारण सभेसाठी आदर्श उपविधींनुसार पूर्ण चौदा दिवस लागतात. सूचना दिल्याचा दिवस यात धरावा असे काही संस्थांचे सचिव मानतात. परंतु ‘पूर्ण’ या शब्दामुळे तो दिवस आणि सभेचा दिवस असे दोन्ही वगळणे अधिक सयुक्तिक वाटते. परळच्या एखाद्या संस्थेची सभा रविवार, 20 सप्टेंबर रोजी असल्यास मधले चौदा दिवस 6 ते 19 सप्टेंबर हे होतात, म्हणजे सूचना 5 तारखेपर्यंत सभासदांना देऊन फलकावर लागली पाहिजे. ती 6 तारखेला लागली तर एक दिवस कमी पडतो आणि सभेच्या ठरावांना हरकत घेण्यास जागा राहते. यासाठी फलकावरील प्रतीवर लावल्याची तारीख व सचिवांची सही असावी, तसेच वाटपाच्या वहीत पोच घ्यावी. जिन्यातल्या फळ्यावर खडूने लिहिलेली सूचना पुसली गेली की तारखेचा पुरावाच उरत नाही.

मजकुराचा साचा रूढ आहे: ‘सर्व सभासदांस कळविण्यात येते की, संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा रविवार, दिनांक 20 सप्टेंबर रोजी सकाळी 10.30 वाजता इमारतीच्या आवारात पुढील विषयांचा विचार करण्यासाठी भरेल.’ वार व तारीख दोन्ही लिहावेत, कारण त्यांतील विसंगती वाचणाऱ्याच्या लगेच लक्षात येते. त्याखाली ‘मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे’ येथपासून विषय क्रमाने येतात. शेवटी ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’ असे लिहितात, पण उपविधींच्या दुरुस्तीसारखा पूर्वसूचना आवश्यक असलेला विषय या कलमाखाली मंजूर करता येत नाही.

गणसंख्येचे वाक्यही सूचनेतच हवे. ग्रामसभेला मतदारांच्या 15 टक्के किंवा 100 यांपैकी कमी असेल तेवढी उपस्थिती लागते, तर संस्थेत दोन-तृतीयांश किंवा 20 सभासद, यांपैकी जी संख्या कमी असेल ती. संस्थेची सभा गणसंख्येअभावी तहकूब होऊन त्याच दिवशी पुन्हा भरवायची असल्यास तिची वेळ मूळ सूचनेत नमूद करावी लागते. तसे नसेल तर सभा किमान सात दिवस पुढे जाते.