पाऱ्याचा आरसा आणि एक जास्तीचा r

उत्तराखंडात नैनितालजवळ देवस्थळ इथे ४ मीटर व्यासाची एक दुर्बीण आहे. तिचा आरसा काचेचा नाही, पाऱ्याचा आहे. २०२२ साली तिने पहिल्यांदा आकाश टिपलं, बातम्या झळकल्या, आणि त्या वाचून सहज अशी समजूत होते की तिथे पाऱ्याने भरलेली एखादी टाकीच गरगर फिरत असणार. तसं नाहीये. का नाही, हे एका तिहेरी इंटिग्रलमधून निघतं, आणि त्या निमित्ताने मला माझ्या आवडत्या r बद्दल बोलता येईल.

आधी आकार. उभ्या अक्षाभोवती एकसारख्या वेगाने फिरणाऱ्या द्रवाचा पृष्ठभाग पॅराबोलॉइड होतो. अक्षापासून r अंतरावर, मधल्या तळापासून त्याची उंची z = r²/4f इतकी असते. f म्हणजे आरशाचं नाभीय अंतर, इथे ८ मीटर. भांडं ८ सेकंदांत साधारण एक फेरी मारतं, तेव्हा हे अंतर जमतं. काठावर r = २ मीटर, म्हणून तिथली उंची ४/३२, म्हणजे १२.५ सेंटिमीटर. एवढ्या मोठ्या आरशाला एवढीच खोली.

आता सपाट बुडाचं भांडं घेतलं असतं तर? मध्यभागी पारा तळाला जेमतेम टेकला आहे असं धरू. मग तळ आणि या वक्र पृष्ठभागामध्ये किती पारा मावेल?

शाळेतल्या x, y, z ने सुरुवात केली तर x घेतला −२ ते २, आणि मग y घ्यावा लागतो −√(4−x²) ते +√(4−x²). पुढे (4−x²) चा दीड घात येऊन बसतो. गणित सुटतं, पण घाम काढतं. दोष गणिताचा नाही. गोल वस्तूवर आपण चौकोनी जाळी टाकली, म्हणून हे झालं.

त्याऐवजी प्रत्येक बिंदूचा पत्ता असा द्यायचा: अक्षापासून किती लांब (r), कोणत्या दिशेला (θ) आणि किती उंच (z). यालाच सिलिंड्रिकल कोऑर्डिनेट्स म्हणतात. मग सीमा अगदी साध्या होतात. z शून्यापासून r²/32 पर्यंत, r शून्यापासून २ पर्यंत, θ पूर्ण फेरी, म्हणजे शून्यापासून 2π पर्यंत. वर्गमूळ कुठेच नाही.

पण घनफळाचा कण dr dθ dz नसतो. तो असतो

dV = r dr dθ dz

हा r कुठून आला, हे न सांगता तो पाठ करायला लावतात. म्हणूनच तो परीक्षेत हमखास गळतो. अक्षाभोवती १ अंशाची एक अरुंद पाचर कल्पनेत कापा. अक्षापासून २० सेंटिमीटरवर तिची रुंदी साधारण ३.५ मिलिमीटर, तर २ मीटरवर ती ३५ मिलिमीटर. कोन तोच, रुंदी दहापट. ४०० मीटर शर्यतीत बाहेरच्या लेनमधल्या धावपटूला पुढे उभं करतात, ते याच कारणाने. dθ हे अंतर नाहीच, तो नुसता कोन आहे. त्याला r ने गुणल्यावर कमानीची लांबी मिळते. म्हणजे आपला कण एक छोटी वीट: जाडी dr, रुंदी r dθ, उंची dz.

कोणी विचारेल की विटेची आतली बाजू बाहेरच्या बाजूपेक्षा अरुंद आहे, त्याचं काय? शंका रास्त आहे. त्या तुकड्याचं खरं क्षेत्रफळ ½[(r+dr)² − r²] dθ. ते उलगडलं की r dr dθ आणि वर ½(dr)² dθ एवढी शिल्लक. dr दहापट बारीक केला की दहापट जास्त तुकडे लागतात, पण प्रत्येक तुकड्यातली शिल्लक शंभरपट घटते. त्यामुळे शिल्लकांची एकूण बेरीज दहापट घटते, आणि dr शून्याकडे नेला की तीही शून्याकडे जाते. r मात्र तसा जात नाही.

आता आपलं भांडं. आधी z चं इंटिग्रेशन करायचं, कारण त्याची वरची सीमा r वर अवलंबून आहे. त्यातून r²/32 मिळतं. जास्तीच्या r ने गुणून r³/32. त्याचं शून्य ते २ इंटिग्रेशन केलं की 16/128, म्हणजे ⅛. θ मुळे 2π. उत्तर π/4, म्हणजे ०.७८५ घनमीटर. पाऱ्याची घनता घनमीटरला सुमारे १३,६०० किलो, म्हणजे वजन साडेदहा टनांच्या वर! ते सगळं हवेच्या बेअरिंगवर, न थरथरता फिरवायचं.

r विसरला असतात तर उत्तर ०.५२४ आलं असतं. नुसता आकडा बघून चूक कळत नाही, एककं बघून कळते. r²/32 मीटरमध्ये, dr मीटरमध्ये, dθ ला एकक नाही. गुणाकार चौरस मीटर. घनफळ चौरस मीटरमध्ये आलं की r कुठेतरी सांडलाय असं समजा. दुसरी पडताळणी म्हणजे क्रम बदलणं. z उंचीवर आडवा छेद घेतला तर पाऱ्याचं एक वलय दिसतं, आतली त्रिज्या √(32z), बाहेरची २. त्याचं क्षेत्रफळ π(4 − 32z). हे शून्यापासून ०.१२५ पर्यंत बेरजेत घेतलं की पुन्हा π/4.

म्हणून देवस्थळला भांड्याचा तळच पॅराबोलॉइडच्या आकाराचा केलेला आहे आणि त्यावर पाऱ्याचा सुमारे ३.५ मिलिमीटरचा थर फिरतो. आता z ची सीमा r²/32 पासून r²/32 + t पर्यंत, t म्हणजे थराची उभी जाडी. वजाबाकीत वक्रता निघूनच जाते, उरतो t, आणि घनफळ π × 4 × 0.0035, म्हणजे सुमारे ४४ लिटर. वजन ६०० किलोच्या आसपास. (पारा ही गंमत नव्हे. त्याची वाफ विषारी असते. पाऱ्याच्या गोळ्या आणि मूर्ती ‘आरोग्यवर्धक’ म्हणून विकणाऱ्यांच्या जाहिरातींत हे वाक्य कधी सापडत नाही.)

या पद्धतीची खरी कमाई म्हणजे θ नुसता 2π होऊन बाजूला होतो. छेद गोल असून भागत नाही, त्या सगळ्या वर्तुळांचं केंद्र एकाच अक्षावर लागतं. समजा भांडं अक्षावर अगदी किंचित, १/६० अंश, तिरकं बसलं. तो कोन α म्हणू, तो रेडियनमध्ये ०.०००२९ भरतो. पाऱ्याचा वरचा पृष्ठभाग उभ्या अक्षाभोवतीच राहतो, तळ मात्र झुकतो. म्हणून जाडी t न राहता t − α r cosθ होते. काठावर फरक ०.०००२९ × २ मीटर, सुमारे ०.६ मिलिमीटर. एका बाजूला थर २.९ मिलिमीटर, समोरच्या बाजूला ४.१. घनफळ काढायला जाल तर cosθ ची पूर्ण फेरीतली बेरीज शून्य येते आणि उत्तर तेच ४४ लिटर. म्हणजे पारा किती ओतला यावरून तिरकेपणा कळणार नाही. त्यासाठी काठावर निदान तीन वेगवेगळ्या जागी थराची जाडी मोजावी लागते.