बर्फाच्या पाण्यात क्रिएटिन वाया जातं का?

जिममध्ये हल्ली एक सल्ला सर्रास ऐकू येतो: "क्रिएटिन घेतोस ना, मग व्यायामानंतर बर्फाच्या पाण्यात बसू नकोस, घेतलेलं सगळं निघून जातं." क्रिएटिन, म्हणजे स्नायूंत मुळातच असणारा आणि व्यायाम करणारे पूरक म्हणूनही घेतात तो पदार्थ, असा निघून जात नाही. पण हा सल्ला पूर्णपणे टाकाऊही नाही, कारण नुकसान खरंच होतं, फक्त ते दुसऱ्याच जागी होतं.

सत्तर किलोच्या माणसाच्या शरीरात साधारण १२० ग्रॅम क्रिएटिन असतं आणि त्यातलं सुमारे ९५ टक्के स्नायूंमध्ये. रोज जेमतेम दोन ग्रॅम क्रिएटिनचं क्रिएटिनिन होऊन ते लघवीवाटे जातं. म्हणजे ही एक मोठी टाकी आहे, तिची गळती बारीक आहे आणि आपण रोज तीन ते पाच ग्रॅमची धार तिच्यात सोडतो. स्वीडनमधल्या हल्टमन यांच्या गटाने १९९६ मध्ये दाखवलं की रोज तीन ग्रॅम घेतले तरी सुमारे चार आठवड्यांत साठा भरतो, आणि बंद केल्यावर तो मूळ पातळीला यायलाही तितकेच आठवडे लागतात. इतक्या संथ हिशोबात दहा-पंधरा मिनिटांच्या थंडीने काय फरक पडणार?

रक्तवाहिन्या आकसतात, स्नायूचा रक्तपुरवठा काही काळ कमी होतो, हे खरं. पण क्रिएटिन स्नायूत शिरतं ते पेशीच्या पडद्यावरच्या एका वाहक प्रथिनाच्या मदतीने. हे प्रथिन बाहेरच्या सोडियमच्या ओढीवर क्रिएटिन आत खेचतं. आत गेलेल्या क्रिएटिनच्या मोठ्या भागाला फॉस्फेट जोडलं जातं, आणि तो विद्युतभारित रेणू पडद्यातून सहज परत येत नाही. पाण्याच्या दाबाने तो पिळून निघणं शक्य नाही. थंड पाण्यात बसल्यावर लघवी जास्त होते आणि वजनकाट्यावर आकडा थोडा खाली दिसतो, त्यावरून "क्रिएटिनचं पाणी उतरलं" असा समज होतो. तो दाबामुळे आणि थंडीमुळे शरीरातून गेलेला द्रव आहे. पाणी प्यायलं की आकडा परत येतो.

खरं नुकसान पुढच्या टप्प्यावर होतं. क्रिएटिन स्वतः स्नायू वाढवत नाही. जड सेटमध्ये एटीपी, म्हणजे स्नायूचं तात्काळ इंधन, संपू लागलं की फॉस्फोक्रिएटिन, म्हणजे फॉस्फेट जोडलेलं क्रिएटिन, आपलं फॉस्फेट देऊन ते झटपट पुन्हा तयार करतं, त्यामुळे शेवटच्या सेटमध्ये एक-दोन रेप्स जास्त निघतात. त्या जादा रेप्सचा ताण स्नायूला वाढायचा संदेश देतो. क्रिएटिनचा महिनोन्‌महिन्यांचा फायदा बराचसा या संदेशातून येतो, आणि बर्फाचं पाणी नेमकं त्यालाच दाबतं.

ऑस्ट्रेलियात झालेला, २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग बघा. सवयीने व्यायाम करणारे पुरुष बारा आठवडे, आठवड्यातून दोनदा पायांचा ताकदीचा व्यायाम करत होते. एक गट नंतर दहा मिनिटं सुमारे १० अंश सेल्सिअसच्या पाण्यात बसे, दुसरा तेवढाच वेळ हळू सायकल चालवे. पाण्यात बसणाऱ्यांची ताकद आणि स्नायूंची वाढ कमी राहिली. स्नायूंच्या नमुन्यांतही सॅटेलाइट पेशी, म्हणजे तंतू वाढताना त्याला नवी केंद्रकं पुरवणाऱ्या पेशी, कमी सक्रिय दिसल्या. पुढे नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्टच्या संशोधकांनी २०२० मध्ये आणखी नेटकी तुलना केली. एकाच माणसाचा एक पाय ८ अंशांच्या पाण्यात, दुसरा ३० अंशांच्या, वीस मिनिटं. दोन आठवड्यांत थंड पायात नव्या प्रथिनांची निर्मिती कमी झाली. माणूस तोच, आहार तोच, फरक फक्त पाण्याचा!

हे दोन प्रयोग क्रिएटिनचे नाहीत. पण यंत्रणा कळली की जोड लावता येते. समजा, रोज पाच ग्रॅम घेणारा एक जण आठवड्यात चार दिवस स्क्वॉट करतो आणि प्रत्येक वेळी लगेच बर्फाच्या पाण्यात बसतो. त्याच्या वहीत शेवटच्या सेटचे रेप्स वाढलेले दिसतील, म्हणजे क्रिएटिन पोचलंय. मांडीचा घेर मात्र बारा आठवड्यांनी अपेक्षेपेक्षा कमी भरेल. रेप्सच वाढले नाहीत, तर आधी रोजचा डोस खरंच पोटात जातोय का ते पाहावं.

"बर्फ लॅक्टिक आम्ल आणि विषारी द्रव्यं ओढून काढतो" या जाहिरातींवर विश्वास ठेवू नका. लॅक्टेट साधारण तासाभरात आपोआप ओसरतं. थंड पाण्याने अंगदुखी कमी जाणवते, हे मात्र खरं. म्हणून कबड्डीच्या स्पर्धेत उद्याही सामना असेल तर बर्फाच्या पाण्यात बसावं, कारण तेव्हा स्नायू वाढवायचे नसतात, मैदानात उतरायचं असतं. स्नायू वाढवायच्या महिन्यांत बर्फाचं पाणी विश्रांतीच्या दिवशी किंवा व्यायामापासून बरेच तास दूर ठेवावं. क्रिएटिनची वेळ मात्र बदलायची गरज नाही, बर्फाच्या दिवशीही नेहमीचाच डोस घ्यावा.