खराब वस्तूची तक्रार: कोण करू शकतं, कागद कोणते, आणि टॅक्स परत मिळतो का?

नागरिकशास्त्राच्या पेपरात समजा असा प्रश्न आला: एका मुलीने टॅक्स धरून 1100 ला कॅल्क्युलेटर घेतला, टॅक्स 10 टक्के, चार दिवसात तो बंद पडला. दुकानदार म्हणतो किंमत परत देतो, पण टॅक्स सरकारकडे गेला, तो मिळणार नाही. आता काय करायचं?

आधी पात्रता बघा. स्वतः वापरायला वस्तू घेतली तर तुम्ही ग्राहक, पुढे विकायला घेतली तर नाही. पैसे देणाऱ्याच्या संमतीने दुसरं कोणी वापरत असेल तर तोही ग्राहक धरतात, भारताच्या 2019च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तसं आहेच, आणि ग्राहक अठराच्या आतला असेल तर तक्रार आई, वडील किंवा कायदेशीर पालक करतात. म्हणजे मुलीची तक्रार चालते, सही मात्र पालकांची.

कागदांमध्ये बिल सगळ्यात महत्त्वाचं. त्यावर तारीख, विक्रेत्याचं नाव, त्याचा टॅक्स नोंदणी नंबर, वस्तू आणि टॅक्सची रक्कम दिसली पाहिजे. "बिल नको, टॅक्स वाचेल" यात फसू नका, कारण मग खरेदीचा पुरावाच कच्चा राहतो, पेमेंटचा मेसेज आणि वॉरंटी कार्ड यावर भागवावं लागतं. बिघाडाचा फोटो किंवा व्हिडिओही काढून ठेवा.

पहिली पायरी ऑफिसची नाही, दुकानदाराची. त्याला लेखी कळवायचं: कधी घेतलं, काय बिघडलं, काय हवंय (दुरुस्ती, बदली की पैसे) आणि किती दिवसात. तोंडी भांडण झालं तर नंतर दाखवायला काहीच नसतं, आणि "न्याय मिळावा" एवढंच लिहिलं तर नेमकी मागणी काय ते कोणालाच कळत नाही. उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर हेच पत्र, बिल आणि आलेलं उत्तर जोडून ग्राहक तक्रार आयोगाकडे, किंवा तुमच्याकडे जी यंत्रणा असेल तिकडे अर्ज करायचा. मुदत असते हं, भारतात तक्रारीचं कारण घडल्यापासून 2 वर्षं.

आता टॅक्स. इथे बरीच मुलं 1100 चे 10 टक्के काढून 110 लिहितात, ते चूक. 1100 म्हणजे मूळ किमतीचे 110 टक्के, म्हणून किंमत 1000 आणि टॅक्स 100. विक्री रद्द झाली की पूर्ण 1100 मागायचे. दुकानदाराचं नुकसान होत नाही, तो क्रेडिट नोट, म्हणजे बिलाची रक्कम परत दिल्याची नोंद असलेला कागद, काढतो आणि नियमात दिलेल्या मुदतीत ते 100 आपल्या भरायच्या टॅक्समधून कमी करतो, त्यामुळे "सरकारकडे गेला" हे कारण टिकत नाही. फक्त दुरुस्ती करून घेतली तर विक्री कायम राहते, मग टॅक्सही परत येत नाही.