काकूंची दोन बिलं आणि शंभरावं युनिट

हिंगणघाट तालुक्यातल्या आमच्या गावी काकूंनी देवघराच्या खुंटीला टांगलेल्या पिशवीतून दोन वीजबिलं काढून माझ्यासमोर ठेवली. एक डिसेंबर २०२४ चं, ८४ युनिटचं. दुसरं त्याच वर्षीच्या मे महिन्याचं, २३६ युनिटचं. काकूंचं म्हणणं साधं होतं. "युनिट तिपटीच्या आत हायेत, मग पैसे पावणेचारपट काऊन? शंभराच्या वर गेलं की सारंच बिल महागाच्या भावानं लावते म्हनतात, ते खरं हाय का?"

अर्ध्या गावाचा हाच समज आहे. तो चुकीचा आहे, पण काकूंचा पहिला प्रश्न अगदी बरोबर आहे. दोन्हींचं उत्तर एकाच कागदात सापडतं. महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग महावितरणसाठी जो दर आदेश काढतो, तो हा कागद. आदेश शेकडो पानांचा असतो. कंपनीचा मागितलेला खर्च, आयोगाने मान्य केलेला खर्च, लोकांच्या हरकती असं सगळं त्यात येतं. घरगुती ग्राहकाने मात्र उलट्या बाजूने सुरुवात करावी. शेवटी जोडलेलं दरपत्रक उघडायचं आणि आपला वर्ग शोधायचा: लघुदाब घरगुती, म्हणजे एलटी १ ब. बिलावर 'दर संकेत' या ओळीत हाच वर्ग छापलेला असतो. दोन्ही जुळतात का, हे पाहायला मिनिटभर लागतं आणि ते पाहावंच. ओट्यावरच्या खोलीत छोटं दुकान किंवा शिलाई मशीन असलं, तरी महिन्याला ३०० युनिट आणि मागच्या वर्षी मिळून ३६०० युनिटच्या आत वापर असेल तर घरगुती दरच लागू राहतो, ही सवलत त्याच पानावर लिहिलेली असते. पुष्कळांना ती ठाऊक नसते.

काकूंची दोन्ही बिलं २०२४-२५ या वर्षातली, म्हणजे ३१ मार्च २०२३ च्या आदेशाखालची. त्यानंतर दर बदलले आहेत, पण वाचायची रीत तीच आहे. त्या वर्षी सिंगल फेज घरगुती ग्राहकाला स्थिर आकार महिन्याला १२८ रुपये होता. वीज आकार पहिल्या १०० युनिटला ४.७१ रुपये, १०१ ते ३०० ला १०.२९, ३०१ ते ५०० ला १४.५५ आणि त्यापुढे १६.६४ रुपये. शिवाय कोणत्याही टप्प्यातल्या प्रत्येक युनिटवर १.१७ रुपये वहन आकार. वीज तारांवरून घरापर्यंत आणून देण्याचे हे पैसे.

आता टप्प्यांचं गणित. चार पोती ओळीने ठेवली आहेत असं समजा. पहिल्यात १०० युनिट मावतात आणि त्याचा भाव सर्वांत कमी. ते भरल्यावरच दुसऱ्यात एक युनिट पडतं, आणि दुसऱ्याचा भाव फक्त दुसऱ्यातल्या युनिटला लागतो. पहिलं पोतं स्वस्तातच राहतं. मे महिन्याचं बिल काकूंसमोर असंच मांडलं. पहिले १०० युनिट गुणिले ४.७१, झाले ४७१ रुपये. उरलेले १३६ गुणिले १०.२९, झाले १३९९.४४. वहन आकार २३६ युनिटचा २७६.१२. त्यात स्थिर आकाराचे १२८ मिळवले की बेरीज २२७४.५६. यावर १६ टक्के वीज शुल्क, म्हणजे ३६३.९३. एकूण २६३८ रुपये ४९ पैसे. हे शुल्क आयोग ठरवत नाही. तो राज्य सरकारचा कर आहे, म्हणून दरपत्रकात शोधून तो सापडत नाही. आणि तो स्थिर आकारासकट सगळ्या बेरजेवर बसतो.

डिसेंबरचं बिल पहिल्या पोत्यातच संपतं. ८४ युनिटचे वीज आणि वहन आकार मिळून ४९३.९२, स्थिर आकार १२८, वर शुल्क, असे ७२१ रुपये ४३ पैसे. (दोन्ही हिशेबांत इंधन समायोजन आकार मुद्दाम बाजूला ठेवला आहे. त्याच्याकडे पुढे येतो.)

म्हणजे १०१ वं युनिट जळलं म्हणून आधीच्या शंभराचा भाव वाढला नाही. पण त्या युनिटचा स्वतःचा भाव मात्र खरोखर उडी मारतो. शुल्क धरून पहिल्या पोत्यातलं युनिट ६.८२ रुपयांना पडतं, दुसऱ्यातलं १३.२९ ला. काकूंच्या पावणेचारपटीचं कारण इथे आहे. विदर्भातल्या घरासाठी या दोन आकड्यांचा अर्थ म्हणजे कुलर. काकूंच्या कुलरचा पंखा आणि पंप मिळून १८० वॅट धरू. रोज बारा तास चालला तर दिवसाला २.१६ युनिट, महिन्याला जवळपास ६५. बल्ब, फ्रीज, मिक्सर यांनी पहिलं पोतं आधीच भरलेलं असेल, तर हे ६५ युनिट सगळेच्या सगळे दुसऱ्या पोत्यात जातात आणि त्यांचे साधारण ८६० रुपये होतात. तोच कुलर पहिल्या पोत्यात मावला असता तर ४४० च्या आसपास लागले असते. बिलाच्या एकूण रकमेला युनिटने भागून काढलेली सरासरी (मे महिन्यात ११ रुपये १८ पैसे) म्हणून फसवी असते. एखादं उपकरण बंद ठेवून किती वाचेल ते बघायचं तर सर्वांत वरच्या पोत्याचा भाव धरावा लागतो.

ही पोती महिन्याची आहेत, ही गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण चूक झालीच तर इथे होते. लग्नासाठी घराला कुलूप लावून गेलात, मीटर आतल्या पडवीत आहे, रीडिंग घेणारा परत गेला. त्या महिन्याचं बिल आधीच्या खऱ्या रीडिंगच्या सरासरीने येतं. पुढच्या महिन्यात खरं रीडिंग मिळतं आणि दोन महिन्यांचे युनिट एकदम दिसतात. समजा ते २३६ आहेत. हे एका महिन्याचे धरले तर वीज आकार वर काढला तसा १८७०.४४ रुपये होतो. पण महिने दोन, म्हणजे पहिली पोतीही दोन. २०० युनिट ४.७१ ने आणि फक्त ३६ युनिट १०.२९ ने, मिळून १३१२.४४. फरक ५५८ रुपयांचा, शुल्कासह ६४७. स्थिर आकार मात्र दोन महिन्यांचा लागणारच, त्याबद्दल तक्रार करता येत नाही. पूर्ण हिशेब झाल्यावर आधीच्या सरासरी बिलाचे भरलेले पैसे त्यातून वजा व्हायला हवेत.

हे झालं की नाही ते कसं ओळखायचं? बिलावर मागील आणि चालू रीडिंगच्या तारखा असतात. दोन तारखांमध्ये दोन महिने असतील तर 'वीज आकार' या ओळीतल्या रकमेला वरचं गणित लावून बघायचं. आकडा दोन पोत्यांच्या हिशेबाशी जुळला तर ठीक. एका पोत्याच्या हिशेबाशी जुळला, तर दोन्ही बिलं आणि मीटरचा तारखेसह फोटो घेऊन बिल दुरुस्तीचा लेखी अर्ज द्यायचा. "बिल जास्त आलं" असं लिहिण्यापेक्षा "दोन महिन्यांचा स्लॅब लाभ मिळालेला नाही" असं लिहिलं तर समोरच्याला नेमकं काय तपासायचं ते कळतं.

स्थिर आकाराबद्दल लोक चिडतात. घर महिनाभर बंद, एक युनिट जळलं नाही, तरी स्थिर आकार आणि वर शुल्क. रोहित्र, खांब, तारा, उपकेंद्र यांचा खर्च आपण बटण दाबलं नाही म्हणून थांबत नाही. वीजनिर्मिती केंद्रांशी केलेल्या करारांतही वीज घ्या किंवा न घ्या, क्षमतेचे पैसे द्यावेच लागतात. खरं तर घरगुती स्थिर आकारातून या खर्चाचा थोडाच भाग निघतो. बाकीचा युनिटच्या दरात मिसळलेला असतो. म्हणून युनिटचा दर म्हणजे निव्वळ वीज तयार करण्याचा खर्च, असं समजू नये. थ्री फेज जोडणीला हाच स्थिर आकार तिपटीहून जास्त असतो, त्यामुळे गरज नसताना ती घेणं महाग पडतं.

उरला इंधन समायोजन आकार, दर महिन्याला कमीजास्त होणारी ओळ. दर आदेश काढताना आयोग पुढच्या काळात वीज सरासरी कोणत्या भावाने विकत घ्यावी लागेल याचा अंदाज मान्य करतो. प्रत्यक्षात कोळसा महागला, बाहेरून वीज घ्यावी लागली, तर भाव त्याहून वर जातो. तेवढा फरक या ओळीतून वसूल होतो. भाव खाली आला तर ही रक्कम उणेही होऊ शकते. काकूंना यात एक गोष्ट पटत नव्हती: चंद्रपूर आणि कोराडी आपल्याच भागात, कोळशाच्या खाणीही इथल्याच, मग आपल्याला हा आकार का? कारण महावितरणचा दर सगळीकडे एकच आहे. महावितरणने विकत घेतलेल्या सगळ्या विजेचा खर्च एकत्र होतो. गाव वीज केंद्राजवळ आहे की हजार किलोमीटर लांब, याने बिलात फरक पडत नाही. २०२२ च्या उन्हाळ्यात देशात कोळशाची टंचाई झाली. वीज केंद्रांनी १० टक्के आयात कोळसा मिसळावा असं केंद्राने सांगितलं, आणि आयात कोळसा तेव्हा फार महाग होता. त्यानंतर महाराष्ट्रात हा आकार पहिल्या १०० युनिटला ६५ पैसे, १०१ ते ३०० ला १ रुपया ४५ पैसे, ३०१ ते ५०० ला २ रुपये ५ पैसे आणि त्यापुढे २ रुपये ३५ पैसे झाला.

हे आकडे नीट पाहिले तर दिसतं की इंधनाचा फरकही पोत्यांप्रमाणेच वाटला जातो. ज्या पोत्याचा मूळ भाव जास्त, त्यावर तो जास्त बसतो. २३६ युनिटला तो ६५ अधिक १९७.२०, म्हणजे २६२ रुपये २० पैसे होतो, आणि त्यावर पुन्हा १६ टक्के शुल्क. याला मर्यादाही आहे: दराच्या बदलत्या भागाच्या २० टक्क्यांपेक्षा जास्त आकार एका महिन्यात लावता येत नाही. राहिलेला पुढे ढकलला जातो.

हा हिशेब साधारण दोन महिने मागून चालतो, कारण खर्चाची खरी बिलं आल्याशिवाय फरक निघत नाही. एप्रिलच्या कोळशाचा फरक जूनच्या बिलात येतो. तो एप्रिलच्या युनिटवर नाही, तर जूनच्या बिलात असलेल्या युनिटवर लागतो. काकूंनी हे ऐकलं आणि पिशवीतून पावसाळ्यातलं बिल काढलं. कुलर तेव्हा गोठ्याच्या माळ्यावर पोत्यात गुंडाळून ठेवलेला होता, वापर शंभराच्या आत आला होता, तरी इंधन समायोजनाच्या ओळीत रक्कम होती. त्यांनी त्या ओळीखाली पेन्सिलीने रेघ मारली आणि तिच्यासमोर लिहिलं, "उन्हाळ्याचं."