भाषामृत्यू
एखादी भाषा दैनंदिन व्यवहारातून पूर्णपणे निघून जाणे आणि तिचा एकही अस्खलित भाषक न उरणे, या अवस्थेस भाषाविज्ञानात ‘भाषामृत्यू’ म्हणतात. जगात आज सुमारे ७,००० भाषा बोलल्या जातात असे मानले जाते. तथापि भाषा आणि बोली यांची सीमा सर्वत्र सारखी आखली जात नसल्याने हा आकडा अंदाजाचाच समजावा. भाषामृत्यूची कारणे व परिणाम पुरेशा तपशिलाने तपासता येतील अशी उदाहरणे थोडी आहेत. अंदमान बेटांवरील ग्रेट अंदमानी भाषासमूह हे त्यांपैकी एक होय.

भाषक मरून भाषा नष्ट होणे आणि भाषक जिवंत असताना त्यांनी दुसरी भाषा स्वीकारणे, असे या प्रक्रियेचे दोन मार्ग सांगण्याची प्रथा आहे. अंदमानात हे दोन्ही मार्ग एकामागून एक आले. १८५८ मध्ये ब्रिटिशांनी पोर्ट ब्लेअर येथे बंदिवानांची वसाहत स्थापन केली. त्या वेळी ग्रेट अंदमानी लोकांची संख्या किती होती याबाबत मतभेद आहेत. ती काही हजार असावी, एवढे सर्वसाधारणपणे मान्य आहे. स्थानिक लोकांना वसाहतीच्या संपर्कात आणण्यासाठी ‘अंदमान होम्स’ या नावाची निवासस्थाने उभारण्यात आली आणि त्यांतून उपदंश पसरला. १८७७ मध्ये गोवराची साथ आली. या रोगांविरुद्ध त्या लोकांत कोणतीही प्रतिकारशक्ती नव्हती. १९०१ च्या जनगणनेत त्यांची संख्या ६२५ होती. ती १९३१ मध्ये ९० आणि १९६१ मध्ये १९ वर आली. वसाहतीच्या अगदी लगत राहणाऱ्या बेआ लोकांची भाषा समूहातील पहिल्या नष्ट झालेल्या भाषांपैकी होती, तर उत्तरेकडील भाषा अधिक काळ टिकल्या.

यानंतरचा टप्पा अभ्यासकांच्या दृष्टीने अधिक बोलका आहे. १९७० च्या सुमारास उरलेल्या लोकांना स्ट्रेट बेटावर वसविण्यात आले आणि त्यांची संख्या हळूहळू वाढू लागली. भाषा मात्र वाढली नाही. वाचलेली माणसे वेगवेगळ्या जमातींची होती, त्यांचे परस्परांत विवाह झाले आणि घरात एकाहून अधिक मातृभाषा आल्या. त्यांच्या मिश्रणातून, प्रामुख्याने जेरू भाषेच्या आधारावर, एक सामाईक बोली घडली. परंतु बाहेरच्या जगाशी होणारा सर्व व्यवहार हिंदीत असल्याने मुलांनी हिंदीच उचलली. लोकसंख्या घटली म्हणून भाषा गेली, हे स्पष्टीकरण म्हणूनच अर्धेच खरे ठरते. पुढच्या पिढीशी कोणत्या भाषेत बोलायचे, हा निर्णय प्रत्येक घरात न बोलता घेतला गेला, आणि भाषेचे भवितव्य तेथे ठरले.

समूहात पारंपरिक गणनेनुसार दहा भाषा होत्या. उत्तरेकडील बो, खोरा, जेरू आणि चारी या एकमेकींच्या इतक्या जवळच्या आहेत की त्यांना स्वतंत्र भाषा मानावे की एकाच भाषेच्या बोली, हा प्रश्न खुला आहे. समूहाच्या बाह्य नात्यांविषयीचा वाद याहून जुना आहे. अमेरिकन भाषावैज्ञानिक जोसेफ ग्रीनबर्ग यांनी १९७१ मध्ये अंदमानी भाषांना न्यू गिनीतील भाषांसह ‘इंडो-पॅसिफिक’ या महाकुलात घातले; हा सिद्धांत आज फारसा स्वीकारला जात नाही. २००५ पासून या भाषांचे क्षेत्रकार्य करणाऱ्या अन्विता अब्बी यांच्या मते ग्रेट अंदमानी हे अंदमानातीलच जारवा-ओंगी भाषांच्या गटाहूनही वेगळे, स्वतंत्र कुल आहे, आणि उपलब्ध व्याकरणिक पुरावा पाहता हेच मत अधिक सयुक्तिक वाटते. ‘सत्तर हजार वर्षे जुनी भाषा’ असे वर्णन वृत्तपत्रांतून वारंवार येते; ते सावधपणे घ्यावे. ते वय फार तर वस्तीचे असू शकेल. भाषा अखंड बदलत असते, आणि तौलनिक पद्धतीने तिचा भूतकाळ साधारणपणे आठ-दहा हजार वर्षांपलीकडे शोधता येत नाही.

या भाषांत काय होते, याची कल्पना त्यांच्या उपसर्गव्यवस्थेवरून येते. मानवी शरीराचे काही विभाग पाडून प्रत्येकास एक उपसर्ग दिलेला असे. हा उपसर्ग अवयवाच्या नावालाच नव्हे, तर विशेषणांना आणि क्रियापदांनाही लागे. बेआ भाषेत ‘बेरिंगा’ म्हणजे चांगला. हाताचा उपसर्ग लागून ‘ऊन-बेरिंगा’ झाला की अर्थ हुशार, डोळ्याचा लागून ‘इग-बेरिंगा’ म्हणजे तीक्ष्ण नजरेचा, जिभेचा लागून ‘आका-बेरिंगा’ म्हणजे भाषांत निपुण, आणि मस्तक व हृदय यांचा लागून ‘ओत-बेरिंगा’ म्हणजे सदाचारी. ‘योप’ म्हणजे मऊ किंवा लवचीक. ‘ओत-योप’ ही उशीसारखी गोल मऊ वस्तू, तर ‘आर-योप’ हे कुजलेले पडके झाड. भाषांच्या ‘आका-बेआ’, ‘आका-बो’ या नावांतला पहिला घटकही जिभेचाच उपसर्ग आहे. गुण कोणत्या अवयवाच्या वाटेने प्रकट होतो, हे सांगितल्याशिवाय वाक्य पुरे होत नसे. निसर्गाचे ज्ञानही असेच शब्दांत बांधलेले होते: मानवशास्त्रज्ञ रॅडक्लिफ-ब्राउन यांनी १९०६ ते १९०८ दरम्यान नोंदविल्याप्रमाणे वर्षाचे कालखंड त्या त्या वेळी फुलणाऱ्या झाडांच्या व वेलींच्या नावांनी ओळखले जात.

‘शेवटचा अस्खलित भाषक’ ही संज्ञा वाटते तितकी काटेकोर नाही. नॅन्सी डोरियन यांनी स्कॉटलंडमधील गेलिक बोलीच्या अभ्यासातून ‘अर्धभाषक’ ही कल्पना मांडली: अशा व्यक्तीस बोललेले जवळजवळ सारे समजते, मात्र ती स्वतः बोलू लागली की रूपे सुलभ होतात आणि क्वचित वापरले जाणारे प्रत्यय गळतात. शेवटचा भाषक कोणास म्हणायचे, हे त्यामुळे निकषावर अवलंबून राहते. दुसरी अडचण अशी की संभाषणाला दोघे लागतात. बो भाषेच्या शेवटच्या भाषक बोआ सीनियर २६ जानेवारी २०१० रोजी सुमारे ८५ व्या वर्षी निवर्तल्या. खोरा भाषेची शेवटची भाषक त्याच्या काही आठवडे आधीच गेली होती. बोआ यांच्याशी बो भाषेत बोलणारे मात्र अनेक वर्षांपूर्वीच कोणी उरले नव्हते, आणि इतरांशी बोलण्यासाठी त्यांना अंदमानी वळणाची हिंदी शिकावी लागली होती. बोआ पक्ष्यांशी आपल्या भाषेत बोलत, असे अब्बी यांनी नमूद केले आहे. बो भाषेचा अंत २०१० मध्ये झाला असे संदर्भग्रंथांत दिलेले असते; व्यवहारभाषा म्हणून तिचा अंत त्याच्या कितीतरी आधी धरणे अधिक योग्य होईल.

जतन झालेली सामग्री असमान आहे. बो आणि जेरू यांच्यासाठी अब्बी यांचे ध्वनिमुद्रण, कोश व व्याकरण आहे. बेआसाठी मुख्यतः एकोणिसाव्या शतकातील इंग्रज अधिकाऱ्यांच्या शब्दयाद्या आणि नमुना वाक्ये आहेत. त्या अधिकाऱ्यांपैकी पोर्टमन यांनी १८८७ मध्ये बेआसह चार भाषांचे साहित्य एकत्र केले. लिहून घेतलेल्या सामग्रीतून भाषेत काय म्हटले गेले ते कळते. काय म्हणता येत नसे, ते कळत नाही. ते केवळ भाषकच सांगू शकतो: एखादा उपसर्ग एखाद्या विशेषणाला लावून पाहिला की ‘असे आम्ही म्हणत नाही’ किंवा ‘म्हणतो, पण अर्थ वेगळा होतो’ असे उत्तर मिळते आणि त्यातून नियमाची हद्द ठरते. बो भाषेच्या बाबतीत हे प्रश्न २०१० पूर्वी पाच वर्षे विचारता आले. बेआच्या बाबतीत याद्यांत न आलेला प्रत्येक संयोग नियमाने निषिद्ध होता की केवळ विचारायचा राहून गेला, हे आता ठरविता येत नाही.